फ्लॅशला न पुरलेले सेल

त्या उन्हाळ्यात मी पोंभुर्ण्याकडच्या जंगलात वाघांच्या मोजणीसाठी एकटीच राहत होते. दोन खोल्यांचा कॅम्प, मोबाइलला रेंज नाही. दिवसाआड एक गोंड वाटाडे यायचे, मी त्यांना भाऊ म्हणायचे. मधल्या दिवशी मी कोणाशीच बोलत नसे.

पाणवठ्यावरच्या, आपोआप फोटो काढणाऱ्या फ्लॅशच्या कॅमेऱ्यांत आम्ही लिथियमचे सेल घालायचो. त्या खेपेला ते आलेच नाहीत. मी चंद्रपूरहून चांगले अल्कलाइन सेल आणले आणि घातले.

आठवड्याने कार्ड लॅपटॉपला लावलं. पहिल्या फोटोत वाघीण, अंगावरचा पट्टा न पट्टा मोजता यावा अशी. मागे गवतात एक पिल्लू. पुढचे चार फोटो काळे. एकात नुसतेच डोळे चमकत होते, किती ते कळत नव्हतं.

भाऊ वाकून बघत होते. "सेल तं नवेच होते नं, बाई? मंग अंधार काऊन?"

मी सेल काढून मीटर लावला. प्रत्येकात जवळजवळ दीड व्होल्ट. टॉर्चमध्ये घातले, तर लख्ख उजेड.

"हे तं चांगले हायेत!"

"टॉर्चला थोडा थोडा करंट लागतो, भाऊ. फ्लॅशला प्रत्येक फोटोआधी एकदम भरपूर लागतो."

मग सेल परत कॅमेऱ्यात घालून एकाला मीटर लावला आणि फ्लॅश उडवला. तो पुन्हा भरू लागताच आकडा एका व्होल्टच्याही खाली आला, नि भरणं संपल्यावर हळूहळू वर चढला. अल्कलाइन सेलच्या आतच करंटला विरोध जास्त. जोरात ओढलं की व्होल्टेज तिथेच खर्ची पडतं, आणि सेल वापरला जाईल तसा हा विरोध वाढतच जातो. म्हणून फ्लॅश वेळेत भरला नाही, फोटो काळे आले आणि पिल्लं किती ते दिसलंच नाही. लिथियमच्या सेलमध्ये तो विरोध कमी असतो. जोराने ओढलं तरी व्होल्टेज फारसं पडत नाही.

भाऊंनी मीटरवरचा आकडा पुन्हा पाहिला. "म्हणजे ताकद हाये, पण एकदम देता येत नाई."

"हो."

ते सायकल काढून गेले. मी तेच सेल रेडिओत घातले. रेडिओला फार लागत नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांच्यावर कुणाचा तरी आवाज खोलीत असायचा. दोनदा मी निवेदकाला मोठ्याने उत्तर दिलं, आणि मग ऐकणारं कुणीच नाही हे आठवून लाजले.

लिथियमचे सेल पंधरा दिवसांनी आले. कॅमेरे पुन्हा लावले. सांबर आलं, अस्वल आलं, सगळे फोटो स्वच्छ. वाघीण आली नाही. भाऊंना नाल्यापलीकडे तिची पावलं सापडली, पण खडकावर पुढे माग लागला नाही.

अहवालात मी पिल्लांच्या रकान्यात 'किमान एक' असं लिहिलं. भाऊ म्हणाले, "तीन लिवा, मी पिल्लांची पावलं पाह्यली."

फोटो नव्हता. मी एकच ठेवलं, आणि त्या दिवशी ते चहा न घेताच गेले.