गंगाबाईचा रिकामा पाट

आमच्या सुकापूरच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एक गाळा आहे. शटर अर्धं खाली, आत थंडगार हवा आणि अंधार. त्या अंधारात कानाला मोठाले हेडफोन लावून प्रितम बसलेला असतो. लग्नांच्या शूटिंगची एडिटिंग करतो. शूटिंग करणारे वेगळे. हा फक्त कापतो आणि जोडतो. मी मूळचा चिरनेरचा, शाळा सातवीपर्यंत, आता मुलाकडे राहतो. मुलगा-सून कामावर गेली की मला बोलायला माणूस नाही, आणि प्रितमला तर कोणीच नाही. म्हणून मी शटरखालून वाकून आत जातो. तो एक कान उघडा करतो. माझं भागतं.

या पोराची एक गंमत सांगतो. एकदा आम्ही दोघं पनवेलच्या मासळी बाजारात गेलो होतो. एका बाईला बघून हा एकदम हसला. म्हणाला, "काय भावना ताई, भाऊजींचा पाय बरा झाला का?" ती बाई चार पावलं मागे सरली. "तुमी कोन?" प्रितमचं तोंड उतरलं. तिच्या लग्नाच्या चित्रफितीवर हा महिनाभर बसला होता. वरातीत नवऱ्याचा पाय मुरगळला तो याने दहा वेळा पाहिला होता. तिने मात्र याला कधीच पाहिलं नव्हतं. येताना रिक्षात तो म्हणाला, "आजोबा, मला अख्खा तालुका ओळखतो असं वाटायचं मला. उलटं आहे ते."

मी त्याला चिरनेरच्या एका पोस्टमनची गोष्ट सांगितली, पण ती लांब आहे, राहू दे.

तर सांगायचं ते काशिरामच्या कामाचं. काशिराम जासईचा, एका कंटेनर यार्डात सुपरवायझर. बायको गंगाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी रुचिरा, तिचं लग्न मे महिन्यात झालं. काशिरामने बजावून सांगितलं होतं, "गणपतीला सगली पावनी घरी असतात. तवा मोठ्या टीव्हीवर लावायचाय. नाय झाला तर मना नको, मी सगला दुसऱ्याकरं नेईन."

फिल्म तयारही झाली होती. चतुर्थीला चार-पाच दिवस होते. प्रितमने शेवटचा हात फिरवायला बसताना मांडवाच्या खांबाला बांधलेल्या छोट्या रेकॉर्डरचा आवाज सहज लावून बघितला. थोरांचे आशीर्वाद नीट ऐकू येतायत का, एवढंच बघायचं होतं. कारण आता काय झालंय, हळदीला दोन कॅमेरे, डीजे, नाचगाणी. कॅमेऱ्यावरचा आवाज बंद करायचा आणि वर गाजलेलं एखादं गाणं टाकायचं, सगळे तसंच करतात. यानेही तसंच केलं होतं.

मी गेलो तेव्हा त्याने दोन्ही कान उघडे केले होते. असं कधी होत नाही.

"आजोबा, हे ऐका."

हेडफोन माझ्या कानांना लावला. धवळारीण गात होती. आमच्याकडे लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई असते, ती देवांना बोलावते, वारलेल्यांनाही बोलावते. ही भीमाबाई, मी आवाजावरून ओळखली. डीजे मधे थांबला होता तेवढ्यात ती गात होती, "ये गो गंगाबाय, मांडवाचे दारी, तुजे पोरीला हलद लागते..."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं. "आईला बोलावतेय."

"मला माहीत नव्हतं ना!" प्रितम म्हणाला. तो घाटावरचा, सांगलीकडचा. पडद्यावर त्याने एक तुकडा लावला. रुचिराच्या शेजारी एक पाट, पाटावर खण आणि नारळ, आणि कोणीच बसलेलं नाही. कॅमेरा तिथेच थांबलेला. "मला वाटलं कॅमेरामन विसरला. रिकामी फ्रेम म्हणून काढून टाकली. पुढे काशिरामकाका त्या पाटाला हळद लावतात, तेही गेलं. आजोबा, मी त्या पोरीच्या आईला कापलं."

परत घालायला काय लागतं, मी विचारलं. तो म्हणाला, तुकडे सगळे आहेत, ते घालणं सोपं. पण रेकॉर्डर आणि कॅमेरा वेगवेगळ्या घड्याळावर चालतात. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळवले तरी जरा वेळाने आवाज मागे पडतो. म्हणून प्रत्येक ओळीला कापून हाताने सरकवावं लागतं. मग डीजेची घरघर कमी करायची, हळदीचं गाणं काढायचं, सगळी हळद नव्याने मांडायची. चतुर्थीला शक्य नाही. पण आमच्याकडे काही घरी गणपती अनंत चतुर्दशीनंतरच्या साखरचौथीला बसतो, तोवर होईल, मी म्हटलं. काशिरामचे फोन येत होते आणि हा उचलत नव्हता. आता पत्र पाठवायचं ठरलं, व्हॉट्सॲपवर.

त्याने आधी लिहिलं होतं, "टेक्निकल इश्यूमुळे डिलिव्हरीला डिले होत आहे." हार्ड डिस्क बिघडली असं सगळे लिहितात म्हणे, त्यावर कोणी वाद घालत नाही.

"वाद नाही घालणार," मी म्हटलं, "सरळ दुसऱ्याकडे जाईल. आणि तो दुसरा पण गाणंच टाकेल."

मग मी सांगायला लागलो आणि तो टाइप करायला लागला. मी 'तीर्थस्वरूप' पासून सुरू केलं, जासईच्या हवापाण्याची चौकशी केली, माझी आत्या जासईला दिली होती तेही घातलं. प्रितम थांबला. "आजोबा, आता तुम्हाला पण एडिट करायला लागणार." आणि त्याने माझी आत्या काढली. राहिलं ते असं:

"काशिरामकाका, नमस्कार. फिल्म गणपतीला देईन असं सांगितलं होतं, ती देऊ शकत नाही. चूक माझी आहे. हळदीतला रिकामा पाट मी न समजून काढला होता आणि भीमाबाईंच्या धवल्यावर दुसरं गाणं टाकलं होतं. धवल्यात गंगाबाईंचं नाव आहे. तो आवाज स्वच्छ मिळाला आहे, पण चित्राशी ओळीओळीने जुळवायला वेळ लागेल. साखरचौथीला तुमच्या भावाकडे गणपती येतो, पाहुणे पुन्हा जमतील. त्याच्या आदल्या दिवशी फिल्म देतो. तरीही चतुर्थीलाच हवी असेल तर आहे तशी देईन, किंवा सगळं शूटिंग तुम्हाला परत देईन. तुम्ही सांगाल तसं. प्रितम."

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. प्रितम कामाला हात लावेना. काम आपल्याकडे राहणार की दुसऱ्याकडे जाणार, तेच कळत नव्हतं. शेजारच्या घरात आरत्यांची तालीम चालली होती आणि हा अंधारात त्या पाटाकडे बघत बसलेला.

तिसऱ्या दिवशी मी असतानाच फोन वाजला.

"पाट तू काढलास?"

"हो काका."

काशिराम म्हणाला, "पोरीला मी सांगितलाच नाय अजून. तिला आयचा नाव घेतलेला धवला परत ऐकायचाय कवाचा. साखरचौथ चालंल. पन पेनड्राइव्ह पाठवू नको. तू ये घेऊन. जेवायलाच ये."

साखरचौथीला प्रितम गेला. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? म्हणाला, आत शिरलो तर सगळे ओळखीचे. ही मावशी, तो नाचणारा निनाद, तो चिडका मामा. सगळ्यांकडे बघून हसलो. कोणी विचारलं, डेकोरेशनवाला का? भिंतीला टेकून बसलो. भीमाबाईचा आवाज लागला तेव्हा घरातली भांडीसुद्धा थांबली. रुचिरा उठली आणि टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली, मागच्यांना काही दिसेना, पण वडिलांनी तिला बाजूला केलं नाही.

"आणि तू?"

"मी जेवलो. मोदक दोनदा वाढले. मग आलो."

दुसऱ्या दिवशी मी शटरखालून वाकलो. त्याच्या कानांवर हेडफोन, त्याला मी आल्याचं कळलं नाही. पडद्यावर काशिरामच्या पुतण्याने मोबाइलवर घेतलेली त्या दिवसाची क्लिप होती. कालच पाठवली होती त्याने. टीव्हीपुढे रुचिराची पाठ, पाहुण्यांची डोकी, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला एक अंधुक माणूस, हातात पत्रावळ.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने एक कान उघडा केला.

"आजोबा," तो बोट दाखवत म्हणाला, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी फ्रेममध्ये आलोय."

मग तो ती क्लिप परत सुरुवातीपासून लावून बघत बसला. मीही स्टूल ओढून बसलो. त्या पोस्टमनची गोष्ट आज परत सांगावी असं मनात होतं, पण म्हटलं, आज नको.