उघडून पाहिलेलं नाही

आमच्या हेल्पलाइनवर एक बाई आहेत. घाई करणाऱ्या प्रत्येकाला आधी 'थांबा' म्हणतात, म्हणून त्यांना सगळे थांबाबाई म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात. त्यांना राग येत नाही, कारण राग यायलाही अंगात थोडं त्राण शिल्लक असावं लागतं. आधी एकोणीस वर्षं त्या एका दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसल्या. "तिथे माणसं ओरडायची, इथे गप्प बसतात," त्या म्हणतात. "ओरडणारी परवडली, मास्तर."

मास्तर म्हणजे मी. तीस वर्षं टायपिंग शिकवलं, निवृत्त झालो, आणि घरात सुनेच्या पायात पायात येतो म्हणून मुलाने मला इथे चिकटवलं. चष्म्याच्या दुकानावरची खोली, चार टेबलं, आणि फिरतो कमी नि कुरकुरतो जास्त असा एक पंखा. इथे फोन वाजत नाही. इंटरनेटवर कुणी छळत असेल, फोटोंवरून धमकावत असेल, तर माणसं इथे लिहितात आणि आम्ही लिहून उत्तर देतो.

पुष्कळदा पहिल्या निरोपात काहीच नसतं. नमस्कार नाही, तक्रार नाही. नुसतं एका खात्याचं नाव, म्हणजे ते अॅटचं चिन्ह, पुढे अक्षरं, शेवटी दोन-तीन आकडे. बस. पत्ता टाकलाय आणि पत्र कोरं! मला सुरुवातीला संताप यायचा. अहो, आम्ही काय ज्योतिषी आहोत?

थांबाबाई मात्र दर वेळी तेच चार ओळींचं उत्तर लिहीत. तयार मजकुराचं बटण असूनही हाताने लिहीत, मनगटाला पट्टा बांधून.

"नमस्कार. तुम्ही पाठवलेलं नाव मिळालं. मी ते खातं उघडून पाहिलेलं नाही. ते तुमचं आहे, तुम्हाला त्रास देणाऱ्याचं आहे, की आणखी कुणाचं? एका शब्दात सांगितलंत तरी चालेल."

"एवढं पाल्हाळ कशाला?" मी एकदा विचारलं. "उघडायचं, बघायचं, कामाला लागायचं."

"कुणाचं म्हणून बघणार? कुणाचं चोरीला गेलेलं खातं असतं, कुणाला मैत्रिणीची काळजी असते, कुणी चुकून भलत्याच खिडकीत चिकटवलेलं असतं. ज्याला वाक्य लिहवत नाही तो नाव लिहितो. आपण अंदाज केला की तो आणखी गप्प होतो." मग डोळ्यांत औषधाचे थेंब घालत म्हणाल्या, "माझीच पोर बघा. मी रोज विचारते, काय झालं. ती रोज म्हणते, काही नाही. दिवसभर परक्यांना नीट विचारून विचारून घरी पोचेपर्यंत माझं नीट संपलेलं असतं."

त्या दिवशी तीन वाजता असाच एक निरोप आला. नुसतं नाव. बाई उत्तर लिहायला लागल्या. पलीकडे भिंतीवरच्या पडद्यावर मिनिटाचं घड्याळ. उत्तराला मिनिटापेक्षा जास्त लागलं की आकडा लाल होतो आणि आमचे साहेब काचेच्या केबिनमधून मान वर करतात. मला वाटलं, बाईंना मदत करावी. उंटावरचा शहाणा मी. हेल्पलाइनचा मोबाइल उचलला, त्यावर आमचं खातं कायम उघडं असतं, आणि ते नाव शोधलं. एका तरुणाचा फोटो, भोवती रंगीत कडं. म्हणजे चोवीस तासांत पुसली जाणारी ताजी गोष्ट, स्टोरी म्हणतात ती, टाकलेली. दाबलं. मोटारसायकल होती. बंद केलं.

बाईंनी उत्तर पाठवलं. पाच मिनिटांनी पलीकडून एका मुलीचं उत्तर आलं, आणि एकदा बांध फुटल्यावर ओळींवर ओळी. तो त्रास देणारा आहे. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात. पूर्वी विश्वासाने पाठवलेले फोटो त्याच्याकडे आहेत. "तो म्हणालाय, कुणाला सांगितलंस तर त्याच मिनिटाला तुझ्या आईला पाठवीन. तुम्ही उघडलं नाही म्हणालात म्हणून लिहिते आहे. प्लीज उघडू नका. त्याला कळेल."

मी हातातला फोन टेबलावर उपडा ठेवला.

"बाई," मी म्हणालो, "मी उघडलं."

"कुठल्या फोनवरून?"

"आपल्या फोनवरून. ती गोष्ट पण पाहिली."

थांबाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ती गोष्ट कुणी कुणी पाहिली याची यादी टाकणाऱ्याला दिसते, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्या यादीत आता आमच्या हेल्पलाइनचं नाव, चिन्हासकट. आता त्या मला हाणतील असं वाटलं. हाणलं असतं तर बरं झालं असतं.

साहेब बाहेर आले. ऐकलं, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तिला सांगू नका. घाबरेल. कदाचित त्याने यादी बघितलीही नसेल."

"मी तिला उघडलं नाही म्हणून लिहिलंय, साहेब."

"तुम्ही तर नव्हतंच उघडलं."

"तिला मी आणि मास्तर वेगळे कुठे दिसतात?" असं म्हणून त्या लिहू लागल्या.

"आमच्याकडून चूक झाली आहे. माझ्या सहकाऱ्याने ते खातं आमच्या फोनवरून पाहिलं. त्याला आमचं नाव दिसू शकतं. तुमचं नाव त्यात नाही, पण त्याला संशय येईल. त्याच्या आधी तुम्हाला कळावं म्हणून सांगते. त्याच्या धमक्या पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याला उत्तर देऊ नका. तुमच्याजवळ आत्ता विश्वासाचं कुणी आहे का?"

पलीकडून काही नाही.

दहा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही की पडद्यावरची निरोपांची खिडकी आपोआप मिटते. मग माणूस परत आलाच तर दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर जातो, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून बाई दर आठ मिनिटांनी दोन शब्द टाकत: "मी आहे." चार वाजले, त्यांची पाळी संपली. "मी आहे." पुढच्या पाळीची मुलगी येऊन उभी राहिली, तिला त्यांनी माझ्या खुर्चीवर बसवलं. मी उभा. माझ्या एका बोटाने एका पोरीचं घर पेटलं असेल, हे एकच डोक्यात घोळत होतं. "मी आहे." साहेब दोनदा काचेतून बघून गेले. बाईंचं डोकं दुखत होतं, हे त्यांच्या कपाळावरून कळत होतं.

"जा ना घरी, बाई," मी म्हणालो. "मी लिहितो दर आठ मिनिटांनी. टायपिंग तरी मला येतं."

"बसा मास्तर," त्या म्हणाल्या. बसायला जागा नव्हती.

पाच वाजत आले तेव्हा पडद्यावर अक्षरं आली.

"मी तिची आई. तिने मला सगळं दाखवलं. त्याने पाठवायच्या आधी तिने स्वतः दाखवलं."

थोड्या वेळाने आणखी एक ओळ.

"चार दिवस जेवत नव्हती. मला वाटलं, परीक्षा आहे. मी विचारत होते, ती काही नाही म्हणत होती."

बाईंची बोटं कळांवर होती, पण हलेनात. डोळ्यांतलं पाणी औषधाचं नव्हतं. पलीकडून परत आलं, "आहात ना तुम्ही?"

"लिहा, मास्तर," त्या म्हणाल्या, "मी सांगते." मी त्यांच्या खांद्यावरून वाकून लिहू लागलो: आधी मुलीला दोन घास भरवा, मग आपण तक्रार लिहायला बसू.