अपडेट मी केलं होतं

खालापुरात तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दहा बाय आठचं. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि सकाळपासून दारात उभी असलेली माणसं. दाखले, प्रवेशाचे फॉर्म, शिष्यवृत्ती, पीकविमा, जे काही सरकारला कागदावर हवं असतं ते माझ्याकडून निघतं.

या धंद्यात एक सवय लागते. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी अटी असतात आणि खाली चौकोन असतो, ‘मी वरील सर्व वाचले आहे व मला मान्य आहे.’ समोरच्या माणसाने ते वाचलेलं नसतं. मीही वाचलेलं नसतं. मी चौकोनात खूण करते आणि पुढे जाते. दिवसाला साठसत्तर वेळा तरी मी लोकांच्या वतीने मान्य करत असते. वाचत बसले तर रांग कचेरीच्या फाटकापर्यंत जाईल. हे मी अभिमानाने सांगायची, माझा हात किती चालतो म्हणून.

त्या दिवशी, प्रवेशाच्या गडबडीत, प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर काहीतरी उमटलं. नवीन अपडेट आलं आहे, आत्ता करायचं का, अटी मान्य आहेत का. एका हाताने मी एका बाईंचं आधार कार्ड स्कॅनरवर ठेवत होते. दुसऱ्या हाताने ‘हो’ दाबलं. प्रिंटर पाचेक मिनिटं बंद पडून पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात मी त्या बाईंना फोटोची साइज कमी करून दिली आणि ‘हो’ दाबल्याचं साफ विसरून गेले.

पुढचंच पान छापायला पाठवलं तर प्रिंटर हटून बसला. पडद्यावर संदेश, की या कार्ट्रिजची चिप कंपनीची नाही, कार्ट्रिज बदला.

कार्ट्रिज दहिवलीच्या काकांकडचं होतं. साठीचे गृहस्थ, मोटरसायकलच्या मागे खोका बांधून कर्जतपासून खालापूर-चौकपर्यंतच्या दुकानांना कार्ट्रिज पुरवायचे. कंपनीच्या मालापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि चार वर्षांत एकदाही तक्रारीला जागा नाही. लपवाछपवी नव्हती. खोक्यावरच लिहिलेलं असायचं की हे दुसऱ्या कारखान्यातलं आहे. मी फोन केला आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता या.

ते तासाभरात आले. तोपर्यंत बारा माणसं खोळंबली होती. कोणाची फॉर्म भरायची मुदत त्याच दिवशी संपत होती, कोणी शेलूहून दोन गाड्या बदलून आलं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. काकांनी कार्ट्रिज काढलं, चिपवरचा पितळी भाग रुमालाने पुसला, परत बसवलं. तोच संदेश. खोक्यातलं नवं लावलं. तोच संदेश. मग ते प्रिंटरच्या पडद्यावर बोट फिरवत एकदोन गोष्टी बघत राहिले. मला वाटलं वेळ काढताहेत.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. “काका, चार वर्षं विश्वासाने घेतेय, आणि तुम्ही डुप्लिकेट चिपा घालून देता? ही माणसं आज परत गेली तर पाप कोणाला?” एक म्हातारेबुवा रांगेतून म्हणाले, “आज्याबात इश्वास ठेवायला नको कुनावर.” मला ते ऐकून आणखी जोर आला.

काका एवढंच म्हणाले, “ताई, चालत नाय ना, मग मी परत घेऊन जातो. तुमचं काम थांबायला नको.” कपाटात होती नव्हती ती सगळी कार्ट्रिजं त्यांनी खोक्यात भरली, आणि जाताना रांगेतल्या माणसांना उगाचच “थांबलात, माफी असावी” म्हणाले.

मी खोपोलीतून ओळखीच्या माणसाकडून कंपनीचं कार्ट्रिज मागवलं. ते लावलं, प्रिंटर निमूट चालू झाला, बाराच्या बारा माणसांचे कागद निघाले. म्हणजे माझंच खरं ठरलं. त्या आनंदात मी संध्याकाळी आमच्या दुकानदारांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये लिहिलं, की दहिवलीवाल्यांचा माल बोगस निघाला, ऐन गर्दीत मशिन बंद पडलं, सांभाळून राहा. काकांचं नाव लिहायची गरजच नव्हती. या पट्ट्यात कार्ट्रिज पुरवणारा तो एकच माणूस दहिवलीचा.

तीन दिवसांनी, किती पानं निघाली ते बघायला मी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे एक ओळ होती, शेवटचं अपडेट केव्हा झालं त्याची. तारीख त्याच दिवसाची. वेळ सकाळची, ते आधार कार्डवालं काम चालू होतं त्या सुमाराची. मला ती बाई आठवली, माझा दुसरा हात आठवला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. कंपनीच्या साइटवर त्या अपडेटबद्दलची माहिती काढून पहिल्यांदाच नीट वाचली. तीन गोष्टी होत्या. वायफायच्या सुरक्षेतली एक फट बुजवली होती, स्कॅनिंगचा एक दोष काढला होता, आणि तिसऱ्या ओळीत सरळ लिहिलं होतं की यानंतर कंपनीची चिप नसलेली कार्ट्रिजं अडवली जाऊ शकतात. खाली, जुन्या आवृत्तीवर परत जाता येणार नाही, हेही होतं. प्रिंटरचं रिकामं खोकं माळ्यावर होतं ते काढलं. त्याच्या बुडाशी बारीक अक्षरात तेच. कोणी फसवलं नव्हतं. मला सांगितलं होतं आणि मी मान्य आहे म्हटलं होतं.

काकांच्या कार्ट्रिजमध्ये दोष नव्हता. सकाळी आठला चालत होतं ते आठ चाळीसला चालेनासं झालं, कारण मधल्या वेळात मी मशिनची समजूत बदलून टाकली होती.

मी त्याच क्षणी ग्रुपमध्ये लिहायला हवं होतं. फोन हातातच होता. पण तोवर चौकच्या दुकानदाराने लिहिलं होतं, ‘ताईंनी वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो, मी पण सगळा माल परत केला.’ खाली सहासात जणांनी अंगठे दिले होते. ‘वेळेवर सांगितलं’ हे वाचून मला खोटं का होईना, बरं वाटलं होतं. आता ते कसं पुसायचं? मी स्वतःला म्हटलं, गर्दी संपू दे, मग सावकाश लिहीन. गर्दी हे माझं ठरलेलं कारण आहे, कशालाही चालतं. त्यानंतरचे सहा दिवस मी गप्प बसले. त्या सहा दिवसांत आणखी दोघांनी काकांकडून घेणं बंद केलं. हे मला कळत होतं, ग्रुपमध्ये दिसत होतं, आणि मी बघून कानाडोळा करत होते. अपडेट चुकून झालं. हे सहा दिवस चुकून झाले नाहीत.

शेवटी एका रविवारी दुकान बंद ठेवून दहिवलीला गेले. काकांचं घर म्हणजे पुढे पडवी, आणि पडवीतच टेबलावर चिमटे, ब्रश, चिपांच्या डब्या. परत आलेल्या मालाचे खोके भिंतीला लावून ठेवले होते, छातीएवढे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी एका दमात सगळं सांगितलं, सकाळच्या ‘हो’पासून ते गप्प बसलेल्या दिवसांपर्यंत.

ते ऐकून म्हणाले, “मला म्हाईत होतं, ताई.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. पडद्यावर आवृत्तीचा आकडा बगितला. बदललेला होता. तारीख त्याच दिवसाची.”

“मग बोलला का नाहीत?” मी जवळजवळ ओरडलेच. मला त्यांचाच राग आला, हे लिहायला लाज वाटते.

“तुमचं दुकान हाय. बारा मानसं उभी. त्यांच्यासमोर तुमी चुकलात असं मी सांगायचं? ती मानसं उद्या तुमच्याकडं कागद द्यायला घाबरली असती.” मग म्हणाले, “मला वाटलं, मागनं तुमाला कळंल, मग तुमीच फोन कराल.”

मला रडू आलं. त्यांनी ते न बघितल्यासारखं केलं आणि चिपांची एक डबी उघडून बसले. मग शांतपणे मला समजावत राहिले, जणू मी तेवढ्यासाठीच आले होते. ते म्हणाले, आपोआप अपडेट बंद करून ठेवा, पण अपडेट कायमचं टाळूही नका. तुमचं मशिन वायफायवर आहे, गिऱ्हाइकं फोनवरून कागद पाठवतात, तेव्हा सुरक्षेची दुरुस्ती लागतेच. ज्याचं मशिन नुसत्या वायरवर आहे त्याला तेवढी घाई नाही. आधी काय बदललंय ते वाचायचं. कार्ट्रिजचा उल्लेख दिसला की मला फोन करायचा, चिपवाल्या कारखान्याने त्या आवृत्तीवर तपासलंय का ते मी विचारतो. मागे फिरता येतं का ते बघायचं, आणि कपाटात कंपनीचं एक कार्ट्रिज असल्याशिवाय, फॉर्मच्या दिवसांत तर मुळीच, ‘हो’ म्हणायचं नाही. “आणि ते आता लावलेलं कंपनीचं संपलं की टाकू नका. त्याच्यावर कंपनीचीच चिप हाय. त्यात मी शाईची पावडर भरून देतो, ते मशिन अडवनार नाय. कार्ट्रिज संपलंय म्हणून कुरकुरंल, पन छापंल.”

मी तिथेच, त्यांच्या पडवीत बसून ग्रुपमध्ये लिहिलं. अपडेट मी न वाचता केलं, काकांचा माल चांगला होता, हे मला सहा दिवस माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. काका म्हणाले, “येवढं कशाला लिवता?” मी पाठवून दिलं.

चार अंगठे आले. चौकच्या दुकानदाराने लिहिलं, ‘ठीक आहे, पण आता दुसरीकडून चालू केलंय.’ बाकीच्यांनी काहीच लिहिलं नाही. बदनामीला सगळ्यांनी उत्तर दिलं होतं, कबुलीला कोणाला वेळ नव्हता. त्यांना तरी काय बोलायचं, मीच इतके दिवस घेतले.

काका आता खालापूरकडे येत नाहीत. वाटेतली दुकानं तुटली, माझ्या एकटीसाठी मोटरसायकल काढणं त्यांना जमत नाही. मीच महिन्यातून एकदा दहिवलीला जाते, कार्ट्रिज भरून आणते. ते खुर्ची देतात, चहा देतात, घरच्यांची विचारपूस करतात, कधी त्या दिवसाचा विषय काढत नाहीत. त्यांनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारलं तर ते ‘हो’ म्हणतील, आणि ते माझं मन राखायला म्हणाले की खरंच, हे मला कधीच कळणार नाही.