शेवटच्या पानावरचे एन्टर

माझ्या नावानं छापून आलेला पहिला पेपर सहा पानांचा आहे, आणि त्यातल्या सहाव्या पानासाठी मी चार शनिवार नांदेडहून लातूरला गेलो. लोक एवढ्या फेऱ्यांत सोयरीक जमवतात.

विषय साधा होता. सोयाबीनच्या पानाचा फोटो बघून संगणकानं रोग ओळखायचा. फोटो औश्याजवळच्या शेतातले, टायपिंग माझं, डोकं मित्राचं. आम्ही दोघं नांदेडच्या कॉलेजात एकाच टेबलाला समोरासमोर बसायचो. मग त्याला लातूरला नोकरी लागली. त्याच्या बाजूला मी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा उंच रचून ठेवला, म्हणजे तिकडं रिकामं दिसत नव्हतं. आता आमच्यात उरला होता तो हा पेपर. तो संपला की एकमेकांकडं जायला काही कारण राहणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. बोललो मात्र नाही.

पेपर परिषदेनं स्वीकारला आणि महिन्याभरात अंतिम प्रत मागितली. दोन कॉलमचा त्यांचा साचा, सहा पानांच्या वर ओळ चालणार नाही, संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमानं चौकटी कंसात आकडे, आणि शेवटच्या पानावर दोन्ही कॉलम सारख्या उंचीचे. माझा डावा कॉलम तळापर्यंत भरलेला आणि उजव्यात जेमतेम चार ओळी. मी संदर्भांच्या यादीआधी एन्टर दाबत गेलो. यादी घसरत घसरत उजवीकडं गेली, कॉलम जुळले. पहिल्या शनिवारी ऐटीत लातूरला पोचलो. त्याच्या कॉलेजातल्या संगणकावर फाईल उघडली, तर तिथले फॉन्ट वेगळे, आणि यादीचं शेपूट सातव्या पानावर. तिथं बसून काही एन्टर काढले. नांदेडला आल्यावर पुन्हा वाकडं. दुसरा शनिवार असाच गेला. शिपाईमामा मला बघून चहाचा दुसरा कप न विचारताच ठेवायला लागले.

तिसऱ्या खेपेला परीक्षकांनी सुचवलेला एक संदर्भ घालायचा होता. तो प्रस्तावनेत तिसऱ्या जागी बसत होता. म्हणजे जुना तीन आता चार, चारचा पाच, असं पंधराचा सोळा होईपर्यंत. आकडे मी हातानं टाईप केलेले. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून मी हुशारी केली: तीन शोधा, चार करा, सगळीकडं. मग चार शोधा, पाच करा. चाकूर येईपर्यंत काम फत्ते. आधी केलेले चारही पुढच्या फेरीत पाच होत गेले, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मित्रानं पेपर वाचला. बराच वेळ वाचला.

"राजा," तो म्हणाला, "हा सोळा नंबरचा माणूस लई मोठा दिसतो. सगळं यानंच शोधलंय."

त्या दिवशी आम्ही चुरमुऱ्यांचा सुसला खात जुन्या छापील प्रतीवरून एकेक आकडा परत लावला. तो वाचायचा, मी टाईप करायचो. संध्याकाळची गाडी चुकली तरी मला वाईट वाटलं नाही.

चौथा शनिवार मुदतीचा होता. त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि आधी माझे सगळे एन्टर पुसले. मग संदर्भांना आपोआप क्रमांक दिले आणि मजकुरातला प्रत्येक आकडा यादीशी जोडला, म्हणजे पुढं नवा संदर्भ आला तरी एक कळ दाबून सगळं सरकावं. मग कर्सर मजकुराच्या अगदी शेवटी नेऊन सेक्शन ब्रेक टाकला, म्हणजे मजकुराचा भाग तिथं तोडणारी खूण, नवं पान न घेणारी. दोन्ही कॉलम आपणहून सारखे झाले.

मी पडद्याकडं बघत राहिलो. हे कधीपासून येतं, म्हणून विचारलं.

"पहिल्या शनिवारपासून."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या शनिवारी आला असतास का?"

मग त्यानं फाईल पाठवून दिली, आणि खिडकीकडं बघत सांगितलं की बंगळूरला नोकरी मिळालीय, पुढच्या महिन्यात निघायचंय. मी म्हणालो, बरं झालं.  आकडे आपोआप सरकतात, तशी माणसंही, हे मला त्याच दिवशी कळलं.

त्यानंतरचे पेपर मेलवर झाले. ब्रेक मीच टाकतो. कॉलम एकदाही वाकडे झाले नाहीत, आणि लातूरला जाणं झालं नाही.

गेल्या महिन्यात नव्या पेपरचा मसुदा त्याला पाठवला. ब्रेक काढून टाकला आणि यादीआधी मुद्दाम अकरा एन्टर दाबले. वर लिहिलं की शेवटचं पान काही केल्या जुळत नाही. दोन दिवसांनी फाईल परत आली. ब्रेक जागच्या जागी, कॉलम सारखे. दहा एन्टर पुसलेले होते. अकराव्याशेजारी समासात त्याची टीप होती: हा राहू दिलाय, पुसायला ये.