भिकाजीची दुसरी चिठ्ठी

रत्नागिरीत रामआळीच्या मागच्या अंगाला रघुनाथपंतांचा छापखाना होता. तिथे मी प्रुफं तपासायचो. भिकाजी त्याच छापखान्यात खिळे जुळवायचा. तो मूळचा राजापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. चौथीपर्यंत शिकलेला. पण शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं तो इतक्या झरझर वाचायचा की मला सुलट वाचायला त्याहून जास्त वेळ लागे. गप्पा मारता मारता त्याचा उजवा हात खणाखणातून फिरत राही आणि डाव्या हातातली ओळ भरत जाई. माझ्याकडे येणाऱ्या प्रुफांत सगळ्यात कमी चुका त्याच्या.

एकोणीसशे एकतीस सालच्या दिवाळीनंतर त्या चुका वाढल्या. 'क'च्या जागी 'फ', काने गायब. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, डोळे बरे हायत. पाठ बरी नाय."

पाठ दोन वर्षं दुखत होती, हे तेव्हा कळलं. देवनागरीच्या खिळ्यांचे खण पुष्कळ. चार पेट्या समोर मांडलेल्या असत, आणि खालच्या दोन गुडघ्यांच्या जरा वर. दिवसभर उभं राहून त्यांत वाकायचं. शिवाय जुळवलेलं पान लोखंडी चौकटीत आवळलं की तो फर्मा, चांगला अर्ध्या मणाचा, उचलून यंत्रापर्यंत न्यायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याची बायको तुळसा कमरेवर गरम विटेचा शेक देई. सकाळी तो भिंतीला धरून उठायचा.

तुळसानेच त्याला झाडगावात डॉक्टर पाटणकरांकडे धाडलं. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली, पाय वर उचलायला लावले आणि इंग्रजीत दोन ओळींची चिठ्ठी लिहून दिली. भिकाजीने ती घडी न मोडता मालकांपुढे ठेवली.

रघुनाथपंतांनी चष्मा चढवून वाचली. "दोन महिने संपूर्ण विश्रांती असं लिहिलंय. मग घरी बस बाबा. पण दोन महिने तुझी जागा रिकामी ठेवायला मला परवडणार नाही. दुसरा माणूस बघावा लागेल."

भिकाजीचा चेहरा उतरला. चिठ्ठी नोकरी वाचवायला आणली होती, तीच नोकरी घेऊन चालली होती. पंत वाईट नव्हते. त्यांच्याकडे कामं अंगावर आलेली, माणसं मोजकी. दुखण्यासाठी काही करणं मालकावर बंधनकारक असेल असा कायदाही तेव्हा आमच्या ऐकण्यात नव्हता. जे मिळायचं ते बोलून, पटवून.

"मालक, चार दिवस थांबा," एवढं बोलून त्याने चिठ्ठी परत घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो मलाच ओढून दवाखान्यात घेऊन गेला. त्या वेळी कोणी नव्हतं. भिकाजी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला विश्रांती नको. काम सोडायचा नाय, काम करायचा हाय. मी काय करू शकतो ता लिवा."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी तुला कामाबद्दल काही विचारलंच नाही, नाही का? चूक माझी. तू नेमकं काय करतोस? करून दाखव."

भिकाजीने टेबलावरचा औषधाच्या बाटल्यांचा ट्रे खाली दोन खुर्च्यांवर ठेवला आणि त्यात वाकून खोटे खोटे खिळे उचलून दाखवले. पाचव्या खिळ्याला त्याने कमरेवर हात दाबला. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ उभा असतोस, बसलं तर बरं वाटतं का, चाललं तर? भिकाजीने सांगितलं, बसलं की बरं, पण फार वेळ बसलं की पुन्हा धरते. चाललं की मोकळं होतं. ओझं उचललं की दोन दिवस वाया जातात.

"मालकाला दुखण्याबद्दल किती सांगायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाठ म्हायतीच हाय त्यांना. त्याच्यावर जास्ती नको. आनि मराठीत लिवा. मला वाचता यायला हवा."

या खेपेला चिठ्ठी एक पानभर झाली. भिकाजी कामाला लायक आहे, त्याने घरी बसू नये, असं पहिल्याच वाक्यात होतं. पंधरा रत्तलांहून जड वस्तू त्याने एकट्याने उचलू नये. खिळ्यांच्या पेट्या कमरेच्या वर, उताराने मांडाव्यात. मधूनमधून बसायला उंच स्टूल द्यावं आणि तासाभराने चार पावलं चालू द्यावं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून यांतलं काय चालू ठेवायचं ते कळवीन. खाली सही, तारीख.

पंतांनी ती दोनदा वाचली. "हे बरं आहे. यात मला काय करायचं ते तरी कळतं." मग लगेच तक्रार काढली, "पण तासातासाला फिरायला सोडलं तर बाकीचेही फिरतील. आणि फर्मे कोण उचलणार?"

यंत्रावरचा गंगाराम तिथेच शाईचे हात पुसत उभा होता. तो म्हणाला, "मी एक बाजू धरीन की. तसाही यंत्रावर मीच चढवतो. पण मग माझे कागद मोजायचं काम त्याने करायला हवं. बसून होण्यासारखं आहे."

"आणि चालण्याचं?" पंतांनी विचारलं.

मला बोलायला जागा मिळाली. "प्रुफं आणून द्यायला माझ्याकडे रोज सात-आठ वेळा माणूस येतोच. ती भिकाजीनेच आणावीत. अंगण ओलांडून यायचं, चुका दाखवून घ्यायच्या, परत जायचं. काम थांबत नाही."

पंतांनी चिठ्ठीवरच्या एकेका ओळीवर बोट ठेवलं. "स्टुलाला हरकत नाही. पेट्या उचलू. प्रुफांचंही ठीक. पण एक महिना बघणार. काम मागे पडलं तर पुन्हा बोलू."

"महिना बास हाय, मालक," भिकाजी म्हणाला.

स्टूल शिवा सुताराने बनवलं. पहिलं इतकं उंच झालं की भिकाजी त्यावर बसला तेव्हा पाय लोंबकळायला लागले, आणि गंगाराम म्हणाला, "आता घोडा तेवढा मिळायचा राहिला." अख्खा छापखाना हसला, पंतही. चार बोटं कापल्यावर ते नीट बसलं. पेट्यांखाली जांभ्याचे चिरे सारून त्यांना उंची दिली, मागच्या कडेला पट्टी ठोकून उतार केला.

पहिल्या आठवड्यात काम जरा मागेच पडलं. हात जुन्या उंचीला सरावलेले, 'ज्ञ' शोधताना भलत्याच खणात जायचे. पंत लांबून बघत. तिसऱ्या आठवड्यात आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांची मोठी मागणी आली, आणि भिकाजीने एकट्याने सगळा मजकूर जुळवून दोन दिवस आधी संपवला. त्या प्रुफात मला एकच चूक सापडली. 'हापूस'चा पू ऱ्हस्व झाला होता. तो म्हणाला, घाईत खाल्ला.

महिना कधी संपला ते पंतांनी विचारलंही नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि सगळं तसंच चालू ठेवा, असं लिहून दिलं. पाठ पुरती बरी झाली असं नाही. पावसाळी हवेत ती धरायची, तुळसाची वीट चुलीजवळ असायचीच. पण सकाळी उठताना त्याला भिंत धरावी लागेनाशी झाली.

पुढच्या वर्षी दुसरा जुळारी, धोंडू, माझ्याही पेट्या उंच करा म्हणत पंतांपुढे जाऊन उभा राहिला. त्याची पाठ ठणठणीत होती. पेट्या उंच असल्या की काम लवकर होतं हे त्याने बघितलं होतं, एवढंच.

पंत म्हणाले, "तुला चिठ्ठी कोणी दिली?"

"चिठ्ठी नाय, मालक. पाठ दुखायच्या आधीच मागतोय."

पंतांनी कपाळाला हात लावला आणि शिवा सुताराला बोलावणं धाडलं.