बाण पेटल्याशिवाय नाही

अन्नपूर्णाबाई इंगळे यांना खामगावात सगळे ‘गाडीवाल्या बाई’ म्हणत. माहेर पिंपळगाव राजाचं. वडिलांनी ट्रॅक्टर घेतला, तेव्हा भावाच्या आधी हिनंच तो वावरात घातला, आणि “पोरीच्या जातीनं स्टेअरिंग धरू नये” म्हणणाऱ्या चुलत्याच्या बांधावरूनच परत आणला. पुढं लग्न होऊन खामगावात आल्यावर नवऱ्याला, नारायणरावांना, तिनं सरळ सांगितलं, “मी मोटार शिकवणार.” नारायणराव शांत माणूस. म्हणाले, “शिकव. पण मले शिकवू नको.”

शाळेची गाडी एकच होती, पांढरी, पुढं-मागं लाल ‘एल’ लावलेली. डाव्या बाजूला बाईंच्या पायाशी ब्रेक. त्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी निम्म्या तालुक्याला गाडी शिकवली. शिकायला येणाऱ्यांत बायाच जास्त.

त्या वर्षी सत्यभामाबाई येत होत्या. घरची भाजी बाजारात न्यायला पिकअप होता, पण चालवणारा दीर कधी मिळे, कधी नाही. तोडलेली वांगी पडून राहत, सुकून जात. शेवटी सत्यभामाबाईंनीच ठरवलं.

चौथ्या का पाचव्या दिवशी बाईंनी त्यांना मोठ्या चौकात नेलं. म्हातारी माणसं सांगत, वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा कापसाच्या बैलगाड्यांसाठी हे रस्ते एवढे रुंद ठेवले. आता तिथं सिग्नल होता. सत्यभामाबाईंना डावीकडं, बाजाराकडं वळायचं होतं. त्यांनी डावा इंडिकेटर दिला, डावी लेन धरली. दिवा लाल होता. लाल दिव्याखाली डावीकडचा बाण होता, तो विझलेला.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “पांढऱ्या पट्टीच्या अलीकडं.”

गाडी थांबली. मागून हॉर्न वाजला. मग लांबलचक वाजला. मग वाजतच राहिला.

सत्यभामाबाईंनी आरशात पाहिलं. “बाई, जाऊ का? मांगचा माणूस बोंबलून राह्यला. लेफ्ट तं फ्री असते म्हणतात ना?”

“कोण म्हणते? मले दाखवा कुठी लिहून हाय.”

मागच्या काळ्या गाडीतून भगवंतराव उतरले. कापसाच्या जिनिंगचा कारखाना, बाजार समितीत वजन. ते उतरले की माणसं बाजूला होत. त्यांनी छतावर थाप मारली.

“काऊन थांबली व? लेफ्टले जायाचं ना? मंग चाल! पूर्ण लाइन अडवून ठेवली!”

अन्नपूर्णाबाईंनी काच खाली केली. “लाल हाय, भाऊ. बाण पेटला की जातो.”

“डावं वळण मोकळंच असते! उभ्या जन्मात थांबलो नाई इथी!”

“तुमचा जन्म तुम्हाले माहीत. आमची गाडी थांबन.”

एव्हाना मागं दहा-बारा वाहनं साचली होती. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी “बायाले गाडी देऊच नये” म्हणत होतं. कोपऱ्यावरचे ट्रॅफिक हवालदार शेषराव धावत आले. भगवंतरावांना पाहून त्यांनी नमस्कार केला आणि मग बाईंकडं वळले.

“मॅडम, जाऊ द्या ना. कायले वाद?”

“जातो. तुम्ही हातानं इशारा द्या. तुमचा हात सिग्नलच्या वर असते, हे मी पोरीबाळींले शिकवतो. तुम्ही म्हणाल तर ह्या घडीले निघतो. पण आधी तिकडं पाहा.”

शेषरावांनी पाहिलं. गाडीच्या पुढून, झेब्रा पट्टीवरून, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई आणि तिच्यामागं आश्रमशाळेच्या मुलींची रांग चालली होती. लाल दिवा होता म्हणूनच ती माणसं निर्धास्त उतरली होती.

शेषरावांचा हात अर्धा वर आला होता. तो त्यांनी खाली घेतला.

“थांबा मॅडम,” ते पुटपुटले. “थांबा.”

मुली पलीकडं गेल्या. वरचा दिवा लालच होता, खाली डावा बाण हिरवा झाला. “आता,” बाई म्हणाल्या, “आणि वळतानाही पाहून. बाण म्हणजे वाट मोकळी नाई, परवानगी.” सत्यभामाबाईंनी क्लच सोडला. गाडी एक हिसका खाऊन वळली.

गोष्ट तिथं संपायला हवी होती. पण भगवंतरावांनी तक्रार केली: शिकाऊ गाडी मुद्दाम चौकात उभी करून वाहतूक अडवतात, अरेरावी करतात, शाळेचा परवाना रद्द करावा. जोडीला एक फोटो. त्यात त्याच चौकातली पाटी होती, ‘डावे वळण मुक्त’.

बुलढाण्याच्या आरटीओ कार्यालयातून बोलावणं आलं. जाण्याआधी नारायणराव म्हणाले, “दिलगिरी लिहून दे, मोकळी हो. रोजच्या तोंडाले तोंड कोण देईन?”

“चुकली असती तर पाया पडली असती,” बाई म्हणाल्या. “चुकली नाई तं मान काऊन वाकवू?”

निरीक्षक उकंडराव तरुण आणि वैतागलेले होते. “बाई, पाटी तर आहे फोटोत.”

“हाय ना. पण कोणत्या रस्त्यावर, ते पाहाले चला.”

“दोन ओळी माफीच्या लिहून द्या, मीही सुटेन.”

“साहेब, परवाना काढून घ्या. लिहून देणार नाई.”

उकंडरावांनी फोटो पुन्हा उचलून पाहिला. मग म्हणाले, “उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी ते चौकात उभे राहिले. एका बाजूला भगवंतराव, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णाबाई. पाटी खरीच होती, पण ती नांदुऱ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर. तिथं डावीकडची लेन दगडी दुभाजकानं वेगळी काढलेली, सिग्नलच्या आधीच फुटणारी. तिथल्या माणसाला लाल दिव्यातही वळता येत होतं, फक्त पायी माणसाला आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट देऊन. बाईंच्या रस्त्यावर ना दुभाजक होता, ना पाटी. होता तो बाण.

“चौक एकच हाय!” भगवंतराव म्हणाले.

“चौक एक आहे, रस्ते चार,” उकंडराव म्हणाले. “इथं बाण लावलाय, म्हणजे बाण पेटेपर्यंत किंवा वरचा दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचं. त्या थांबल्या ते बरोबर.” तक्रार तिथंच निकाली निघाली.

पण भगवंतराव कारखान्याची पोरं गाडी शिकायला बाईंकडं पाठवत, ते त्यांनी बंद केलं, आणि ओळखीच्या चार घरांनाही तसं सांगितलं. दोन महिने शाळेची गाडी निम्मा दिवस दारात उभी असे. चहा देताना नारायणरावांचा चेहरा उतरलेला असे. बाईंना त्याचा त्रास झाला. एकदा त्यांनी विचारलंही, “चुकलं का व माझं?”

“चुकलं नाई,” नारायणराव म्हणाले. “महाग पडलं.”

“मंग पडू दे.”

सत्यभामाबाई परीक्षेत पहिल्याच फेरीत पास झाल्या. चौकातली गोष्ट पसरली, आणि बाईंच्या माहेराहून, पिंपळगाव राजाहून, एकेक करून बाया येऊ लागल्या. एक तर सासूला घेऊन आली, शिकायला दोघी. बाई प्रत्येकीला पहिल्या आठवड्यातच त्या चौकात नेत, डाव्या लेनमध्ये, लाल दिव्याला. मागून हॉर्न वाजले की म्हणत, “वाजू द्या. कान त्याईचे, पाय आपला.”

परवा भगवंतरावांची काळी गाडी पुन्हा मागं आली. दिवा लाल होता, बाण विझलेला. हॉर्न एकदा वाजला. बाईंनी आरशात पाहिलं, शिकणाऱ्या बाईच्या हाताखालचा हँडब्रेक ओढला आणि शांतपणे म्हणाल्या, “इंजिन बंद करा. आता आरामात थांबू.”