नव्व्याण्णव टक्के खात्रीची टेस्ट

माझी बायको दीप्ती लॅबमध्ये रक्त काढायला हाय. हात असा हलका की सुई टोचलेली कळत न्हाय. आणि तोंड? ते सुईच्या आधी चालू. गरोदर बायका घाबरल्या की ही धीर द्यायची, "ताई, आईच्या रक्तावरनं बाळाचं कळतंय. नव्व्याण्णव टक्के खात्रीची टेस्ट हाय." कंपनीच्या माणसानं शिकवलेलं वाक्य, हिनं पाठ केलतं.

आजऱ्याच्या दीक्षालाही तेच सांगितलं. तेवीस वर्षांची पोरगी, पहिलटकरीण. आधीच्या तपासणीत शंका आली म्हणून ही टेस्ट. रिपोर्ट आला 'हाय रिस्क', म्हणजे धोका मोठा, ते पण असल्या दुर्मिळ आजाराचा की अशी बाळं सहसा जगत न्हाईत. डॉक्टरांनी बजावलं, ही नुसती चाळणी हाय, पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासल्याशिवाय काय ठरवू नका. पण दीक्षा पाणी तपासायला आलीच न्हाय. म्हणून दीप्तीनं शनिवारी फोन लावला, तर सासू शेवंताबाई म्हणाल्या, "आता आणि सुई कशाला? नव्व्याण्णव टक्के तुम्हीच सांगितलासा की. सोमवारी पोट पाडून मोकळं करायचं ठरलंय."

हिच्या तोंडचं पाणीच पळालं. "अवो, उद्या आजऱ्याला जायचं."

"अगं, उद्या फायनल हाय..."

"मॅच गेली खड्ड्यात!"

गेलो. शेवंताबाईंनी "जयभीम, या पावणं" म्हणून चहा टाकला. दीप्तीनं कपाला हातसुद्धा लावला न्हाय.

"मावशी, चुकलं माझं. आजार असला तर ही टेस्ट सहसा सोडत न्हाय, एवढाच त्या नव्व्याण्णवचा अर्थ. पण तिनं पकडलेलं प्रत्येक बाळ आजारी नसतंय. आईच्या रक्तात उतरतंय ते वारेतनं, थेट बाळातनं न्हाय, म्हणून बाळ ठणठणीत असू शकतंय. दीक्षाच्या वयात ह्या आजाराचा इशारा बऱ्याचदा खोटा निघतोय."

शेवंताबाई भडकल्या. "मग तवाच का न्हाय बोललीस, बाई? पोरगी जेवंना झालीया!"

मला लई राग आला, आठवड्याची सुट्टी मोडून आलोय आणि वर हे ऐकायचं. पण म्हातारी खरंच बोलत होती. आतनं दीक्षा आली, डोळे सुजलेले. "आत्या, पाणी तपासूया," सासूला एवढंच म्हणाली.

पंधरवड्यानं तिचा फोन आला. रिपोर्ट नॉर्मल. बोलता बोलता रडत होती, हसत होती. मी धावत जाऊन पेढे आणले. दीप्तीनं बॉक्सकडं बघितलंसुद्धा न्हाय.

"आता काय झालं गं? वाचलं की बाळ!"

"दीक्षाचं फोन लावला म्हणून कळलं," ती म्हणाली. "हिच्या आधीच्या 'हाय रिस्क'वाल्या कितीतरी परत आल्याच न्हाईत. त्यांना मी कधी फोनच लावला न्हाय."